संगणक-मार्गदर्शिकेतील परिभाषा : भाषांतर की स्वीकार?

परिभाषेच्या प्रश्नावर मराठीत जो वाद होत आला आहे तो बहुधा दोन टोकांवरून. एका पक्षास प्रत्येक परकी संज्ञेला संस्कृतोद्भव प्रतिशब्द हवा असतो. दुसऱ्यास रूढ इंग्रजी शब्द बदलणे हा व्यर्थ खटाटोप वाटतो. संगणक-प्रणालीची मार्गदर्शिका मराठीत उतरविताना मात्र दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. कारण दोन्ही पक्ष शब्दाकडे केवळ कल्पनेचे नाव म्हणून पाहतात. मार्गदर्शिकेतील शब्द पुष्कळदा पडद्यावरील एका विशिष्ट जागेकडे दाखविलेले बोट असते.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहाराची परिभाषा घडविली. त्या क्षेत्रात ठरविलेला शब्द आदेशाने कागदावर आणता येतो. पडद्यावरील शब्द मात्र प्रणालीच्या कर्त्यांनी आधीच बसविलेला असतो, आणि मार्गदर्शिकेच्या अनुवादकाचा त्यावर अधिकार चालत नाही. हा भेद न ओळखल्याने काय होते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल.

नागभीड तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेचा सचिव तेंदूपानांचा हिशेब लिब्रेऑफिसच्या कॅल्क या प्रणालीत ठेवतो, असे समजू. ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे माप त्याला पाठ आहे. फळीवर बारा कुटुंबांनी त्या दिवशी आणलेले पुडे त्याने एकाखाली एक लिहिले आहेत. गोण्या किती झाल्या हे काढण्यासाठी त्याला पुढील सूत्र लिहावयाचे आहे :

```
=SUM(B2:B13)/1000
```

प्रत्येक कुटुंबाने २५० पुडे आणले असल्यास उत्तर ३ येते. आता मार्गदर्शिकेत SUM ऐवजी 'बेरीज' छापले, आणि सचिवाने ते तसेच टंकलिखित केले, तर उत्तराच्या जागी `#NAME?` एवढेच उमटते. याचा अर्थ इंग्रजी शब्द अनुल्लंघनीय आहे असा नव्हे. याच प्रणालीच्या जर्मन रूपात SUMME हा शब्द चालतो, कारण प्रणालीच्या कर्त्यांनीच तो स्वीकारला आहे. जो शब्द यंत्राला वाचावयाचा आहे तो यंत्राच्या कर्त्यांनी ठरविलेला असतो. अनुवादकाने तो अक्षरशः द्यावा आणि त्याचा अर्थ शेजारी मराठीत सांगावा.

दुसरा वर्ग वाचकाने पडद्यावर शोधावयाच्या शब्दांचा. 'जतन करा', 'साठवा' आणि 'सेव्ह करा' ही एकाच क्रियेची तीन रूपे निरनिराळ्या प्रणालींच्या मराठी पडद्यांवर आढळतात. व्याकरणाच्या दृष्टीने 'फाइल जतन केली' आणि 'फाइल सेव्ह केली' यांत काहीही उणेअधिक नाही. दोहोंतही 'करणे' हे क्रियापद तेच काम करते. म्हणून निवड व्याकरणावरून करता येत नाही, ती वाचकाच्या पडद्यावरून करावी लागते. सचिवाचा पडदा मराठी असेल तर तेथील रूप, अनुवादकास ते रुचो वा न रुचो, जसेच्या तसे द्यावे. पडदा इंग्रजी असेल तर Save हेच छापून प्रथम उल्लेखाच्या वेळी उच्चार व अर्थ द्यावा. अशा वाचकास केवळ 'जतन करा' सांगितल्यास तो नसलेली वस्तू शोधीत बसतो.

तिसरा वर्ग केवळ समजावून सांगण्याच्या शब्दांचा. खरे भाषांतर येथेच करावयाचे असते, आणि शब्दनिष्ठ अनुवादाची हानीही येथेच दिसते. 'डीफॉल्ट' यास काही मराठी अनुवादांत 'मूलभूत' म्हटले आहे. मूलभूत म्हणजे पायाभूत, म्हणून न हलविण्याजोगे, असा वाचकाचा समज होतो. मूळ संज्ञेचा अर्थ नेमका उलट आहे : वापरणाऱ्याने बदलेपर्यंत जे चालू असते ते. 'आधीच ठरविलेले' ही साधी शब्दयोजना अधिक प्रामाणिक होय. 'कॉलम'साठी नोंदवह्यांतला 'रकाना' हाताशी असताना नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. 'सेल'ला 'पेशी' म्हटल्याने मात्र जीवशास्त्र आठवते. पटावरील सोंगटीच्या जागेसारखा 'घर' हा शब्द येथे अधिक जवळचा आहे.

एक मर्यादा लक्षात ठेविली पाहिजे. प्रणालीची नवी आवृत्ती आली की पडद्यावरील रूपे बदलू शकतात, आणि काल अचूक असलेला अनुवाद आज चुकीचा ठरतो. म्हणून कोणती आवृत्ती आणि कोणत्या भाषेतील पडदा समोर ठेवून लेखन केले, हे पहिल्याच पानावर नोंदविणे आवश्यक आहे.

अशा अनुवादाची परीक्षा कोशाशी ताडून होत नाही. मजकूर न पाहिलेल्या वाचकाच्या हाती तो द्यावा आणि त्याचे बोट पडद्यावर कोठे अडते ते पाहावे. जागा सापडली नाही तर दोष दुसऱ्या वर्गात आहे; जागा सापडूनही कृती चुकली तर तिसऱ्यात; आणि सर्व यथासांग करूनही यंत्राने नकार दिला तर पहिल्यात. भाषांतर की स्वीकार, या प्रश्नाचे उत्तर एका तत्त्वाने देता येत नाही; शब्द कोणासाठी लिहिला आहे, यंत्रासाठी, डोळ्यासाठी की समजुतीसाठी, हे प्रत्येक वेळी पाहूनच ते द्यावे लागते.