यंत्राचे नाव काय ठेवायचे?

रॉबर्ट नोझिकच्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा विषय सुख नाही. नागरिकांवर सत्ता गाजवण्याचा राज्यसंस्थेला कितपत अधिकार आहे, हा त्याचा प्रश्न. तरीही त्यातली तीनेक पाने पुस्तकापासून सुटून स्वतंत्रपणे हिंडत राहिली. नीतिशास्त्राच्या वर्गात सुखवादाविरुद्धचा पहिला आक्षेप म्हणून आज तीच पाने वाचायला देतात. एका विद्यार्थिनीसाठी मी ती मराठीत आणायला घेतली. तिचे हे दुसरे वर्ष, नीतिशास्त्राचा पेपर इंग्रजीत, विचार मात्र मराठीत. पहिल्याच शब्दाशी मला थांबावे लागले. या यंत्राला मराठीत काय म्हणायचे? हा प्रश्न निव्वळ शब्दकोशाचा नाही, कारण नावातच निकाल लागून जाण्याचा धोका आहे. तो धोका कळायला आधी युक्तिवाद नीट कळला पाहिजे.

प्रतिपक्षापासून सुरुवात करू. सुखवादी उपयुक्ततावाद हे एक मत नाही, तीन मतांची मोळी आहे. पहिले मत असे की कृतीचा बरेवाईटपणा तिच्या परिणामांवरून ठरतो. दुसरे, परिणाम मोजताना सगळ्यांच्या वाट्याला आलेले बरेवाईट एकत्र करून बेरीज घ्यायची, आणि त्यात कोणाचेही माप दुसऱ्यापेक्षा जड नाही. तिसरे, माणसाच्या दृष्टीने ‘बरे’ म्हणजे सुख आणि ‘वाईट’ म्हणजे दुःख. बाकी सगळे सुखाचे साधन म्हणून मोलाचे. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही तिन्ही मते एकत्र आहेत. नोझिकचा नेम फक्त तिसऱ्यावर आहे. एवढे विसरले की पुढचे सगळे उत्तर भरकटते.

नोझिकची कल्पना अशी. मेंदूच्या शास्त्रज्ञांनी एक यंत्र बनवले आहे. तुम्ही एका टाकीत तरंगत आहात आणि मेंदूला तारा जोडलेल्या आहेत. तुम्हाला हवे ते घडते आहे असे तुम्हाला जाणवेल: थोर कादंबरी लिहिता आहात, मैत्री जुळते आहे, एखाद्या सुरेख पुस्तकात रमला आहात. टाकीत असताना आपण टाकीत आहोत हे तुम्हाला माहीत नसेल. दर दोन वर्षांनी थोडा वेळ बाहेर येऊन पुढच्या दोन वर्षांची निवड करायची. इतरांनाही आत जाता येते, त्यामुळे त्यांच्यासाठी बाहेर राहायचे कारण नाही. जाल का?

नोझिकने दिलेले पहिले उदाहरण कादंबरीचे आहे. माझ्या धंद्याला जवळचे म्हणून तेच थोडे बदलून घेते. दोन अनुवादक स्त्रिया कल्पा. पहिली सहा वर्षे खपून एक जाडजूड कन्नड कादंबरी मराठीत आणते. एका बोलीतल्या संवादाशी महिनोन्महिने झटते, शेवटी तो साधतो आणि तिला आनंद होतो. पुस्तक निघते, कोणीतरी ते वाचून रडते. दुसरी सहा वर्षे टाकीत आहे. तिलाही तीच झटापट, तोच साधल्याचा आनंद आणि त्याच वाचकाचे पत्र आल्याचे समाधान, कणभरही कमी नाही. फक्त तिच्या बाबतीत अनुवाद झालेला नाही, पुस्तक नाही, रडलेला वाचक नाही.

आता पायऱ्या मांडू. सुखवाद खरा असेल, तर माणसाचे आयुष्य त्याच्यासाठी किती चांगले हे आतून काय जाणवले यावरच ठरते. आतून दोघींना सारखेच जाणवले. म्हणून सुखवाद्याला म्हणावे लागते की दोघींची सहा वर्षे त्यांच्या-त्यांच्यासाठी सारखीच चांगली गेली. यंत्राने दुसरीच्या आनंदात चिमूटभर भर घातली, तर तिचीच वर्षे अधिक चांगली. पण आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की पहिलीकडे काहीतरी आहे जे दुसरीकडे नाही. हे वाटणे बरोबर असेल तर जाणवण्यापलीकडेही काहीतरी मोलाचे आहे आणि सुखवाद खोटा ठरतो.

ते ‘काहीतरी’ काय? नोझिक तीन कारणे देतो. आपल्याला काही गोष्टी करायच्या असतात, केल्यासारखे वाटणे पुरत नाही. आपल्याला विशिष्ट प्रकारचे माणूस व्हायचे असते. टाकीतला देह धाडसी की भित्रा, प्रेमळ की कोरडा, या प्रश्नाला उत्तरच नाही. आणि यंत्रात माणसाने रचलेल्या जगाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मग तो आणखी दोन यंत्रे आणतो. एक तुम्हाला हवे तसे माणूस बनवणारे, दुसरे जगात तुम्हाला हवा तो परिणाम घडवून देणारे. हे दुसरे यंत्र आमच्या पहिल्या बाईला छापील कादंबरी हातात देईल, वाचकही खरोखर रडेल. तरी तिचे समाधान होईल असे वाटत नाही, कारण ती कादंबरी तिने केलेली नाही. यावरून नोझिक सुचवतो की आपले आयुष्य आपणच, वास्तवाशी संबंध ठेवून जगणे, ही आपली इच्छा आहे.

इथे विद्यार्थी हमखास तीन उत्तरे देतात. यंत्र बिघडले तर? आईकडे कोण बघेल? आणि, सगळे खोटे आहे हे मनाला खात राहील. तिन्ही उत्तरे माणुसकीची आहेत, पण सुखवादाला त्यांनी ओरखडाही उठत नाही. बिघाडाची भीती म्हणजे पुढच्या दुःखाची भीती, तेव्हा ती सुखवाद्याच्या हिशेबात आधीच जमा आहे. खोटेपणा खात राहण्याचा प्रश्न नाही, कारण आत गेल्यावर तो आठवत नाही. आईचे उत्तर जास्त फसवे आहे. उपयुक्ततावादीही म्हणेल, आत जाऊ नकोस, बाहेर राहून तू दुसऱ्यांच्या सुखात भर घालशील. म्हणजे नकार एकच, पण कारण त्याचे. म्हणून ‘जाशील का?’ यापेक्षा ‘आत जाणे तुझ्या स्वतःसाठी अधिक चांगले असेल का?’ असे विचारावे. आपल्या नकाराचे कारण तपासायची एक सोपी रीत आहे. ते कारण शेवटी कोणाच्या तरी सुखदुःखावर येऊन टेकते का ते पाहायचे. टेकत असेल तर आक्षेप अजून सुरूच झालेला नाही.

आक्षेपाच्या मर्यादा याच तपासणीतून दिसतात. सुख हेच एकमेव चांगले, हे मत यंत्राने डळमळते. बेरजेचे मत जागच्या जागी राहते. सुखाऐवजी लोकांच्या इच्छांची पूर्ती मोजणारा उपयुक्ततावादी तर नोझिकचे आभारच मानेल. पहिल्या बाईची इच्छा अनुवाद करण्याची होती, ती पुरी झाली, दुसरीची झाली नाही, हिशेब जुळला. ‘यंत्राने उपयुक्ततावाद मोडला’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले तर ते चूक आहे.

दुसरी मर्यादा खुद्द त्या वाटण्याची. सुखवादी विचारेल की तुमचा नकार मूल्याबद्दल काही सांगतो, की फक्त सवयीबद्दल? फेलिपे दे ब्रिगार्डने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात प्रश्न उलटा केला. तुम्ही आजवर यंत्रातच होता असे आत्ता कळले, तर तारा काढाल का? बाहेरच्या आयुष्याबद्दल काहीच सांगितले नव्हते, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी आतच राहणे पसंत केले. बाहेर तुरुंगवास वाट पाहतो आहे असे सांगितल्यावर बहुतेक सगळ्यांनीच. माणसाला वास्तवाची ओढ असते तितकीच, किंवा त्याहून जास्त, चालू आहे ते न सोडण्याची असते. मात्र यावरून सुखवाद सिद्ध झाला असेही नाही. निम्मे लोक अनोळखी वास्तवासाठी ओळखीचे आयुष्य सोडायला तयार झाले, याचे कारण सुखवाद्यालाही द्यावे लागेल. म्हणूनच मला दोन बायकांची तुलना अधिक भरवशाची वाटते. तिथे कोणालाच काही सोडायचे नाही, फक्त दोन पुरी झालेली आयुष्ये शेजारी ठेवून पाहायची आहेत.

आता नावाकडे येते. ‘भासयंत्र’ म्हटले की खेळ संपला. भास म्हणजे नसलेले दिसणे. त्या शब्दाला मराठीत मान नाही आणि विद्यार्थी वाचायच्या आधीच नकार देईल. ‘मनातले मांडे’ आठवणाऱ्यांनीही सावध राहावे. मनातल्या मांड्यांना आपण हसतो कारण पोट रिकामेच राहते. नोझिकच्या टाकीतले मांडे चवीला लागतात आणि पोट भरल्याचेही जाणवते. ही म्हण त्याच्या यंत्राला लागू पडत नाही.

‘अनुभव-यंत्र’ हा शब्दशः प्रतिशब्द दुसरीकडे झुकतो. मराठीत अनुभव हा घडलेल्याचाच असतो. दहा वर्षांच्या नोकरीचा अनुभव स्वप्नात मिळत नाही. ‘अमृतानुभव’ या ज्ञानेश्वरांच्या ग्रंथनामातला अनुभव तर सत्याशी थेट गाठ पडणेच. इंग्रजी शब्दालाही दोन्ही अर्थ आहेत, पण ‘आतून कसे जाणवते’ असे पुनःपुन्हा म्हणून नोझिक त्यातला एकच उचलतो. मराठी विद्यार्थी ‘अनुभव’ वाचून म्हणेल, अनुभव मिळतो आहे ना, मग उरले काय? सुखवाद्याला आयते दान मिळाले.

मी ‘अनुभूतियंत्र’ घेतले. अनुभूती आतल्या जाणिवेबद्दल बोलते आणि बाहेर काय घडले याबद्दल गप्प राहते. नोझिकच्या प्रश्नाला नेमके तेवढेच मौन लागते. शब्द जरा जड आहे, आणि हिंदी-बंगालीतून वाचणाऱ्यांना त्यात काव्याचा वास येईल. पण तो दोघींपैकी कोणाच्याच बाजूने आधी बोलत नाही. निकाल विद्यार्थिनीने द्यायचा आहे.