आभार संपले, मग निरोप

सेवानिवृत्तीच्या समारंभात सत्कारमूर्तींच्या भाषणाचं शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘आपण दाखवलेल्या प्रेमाबद्दल सर्वांचे आभार मानून मी आपला निरोप घेतो.’ व्याकरणाने इथे मुख्य क्रियापद ‘निरोप घेतो’ हे आहे. पण कान ‘आभार’पाशीच थांबतो. टाळ्या तिथेच सुरू होतात, खुर्च्या सरकतात, आणि निरोप त्या गलक्यात बुडून जातो. माणूस गेला हे सभागृहाला कळतं ते दुसऱ्या दिवशी.

16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकरने केलेलं भाषण मी या दृष्टीने अनेकदा ऐकलं आहे. त्याची ती दोनशेवी आणि शेवटची कसोटी. वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना तिसऱ्याच दिवशी भारताने एक डाव आणि 126 धावांनी जिंकला होता. सचिनच्या 74 धावा आदल्या दिवशीच झाल्या होत्या. खेळ संपला होता आणि माणसं जागची हलत नव्हती. भाषण इंग्रजीत होतं, सुमारे वीस मिनिटांचं. त्यातल्या भावनेवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला रस आहे तो त्याच्या बांधणीत.

सुरुवातीलाच तो सांगून टाकतो, की बावीस यार्डांमधलं चोवीस वर्षांचं आयुष्य आता संपतंय यावर विश्वास बसत नाही. म्हणजे निरोपाची बातमी पहिल्याच वाक्यात येते. पण निरोप मात्र घेतला जात नाही. लगेच तो म्हणतो, की आपल्याला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण नावांची यादी लिहून आणली आहे, कुणी राहू नये म्हणून. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवेल तसे आभार मानणारा वक्ता हमखास फसतो. नमस्कार करून खाली बसता बसता त्याला एखादं नाव आठवतं, तो पुन्हा माईक हातात घेतो, ‘एक राहिलंच’ म्हणतो, आणि झालेला निरोप रद्द होतो. यादीला शेवट असतो. आभार कुठे संपतात हे आधी ठरलेलं असलं, तरच त्यांच्या पलीकडे जागा उरते. ती जागा सचिनने घरूनच राखून आणली होती.

मग आभार. पहिले वडिलांचे, जे 1999 साली गेले. मग व्हीलचेअरवरून सामना पाहायला आलेल्या आईचे. शाळेच्या दिवसांत चार वर्षं ज्यांच्या घरी राहिला त्या काका-काकूंचे. भावंडांचे, पत्नीचे, मुलांचे. इथली एक गोष्ट सहज निसटते. प्रत्येक आभाराला त्याने एकेक वस्तू किंवा कृती बांधली आहे. बहीण म्हटली की तिने दिलेली आयुष्यातली पहिली बॅट, काश्मिरी विलोची. काकू म्हटली की दिवसभर खेळून अर्धवट झोपेत असलेल्या मुलाला तिने भरवलेले घास. अशा आभाराची पोच जागच्या जागी होते. त्यातलं काही पुढे ओघळत नाही. उगाच ‘तुमचं ऋण न फिटणारं’ वगैरे म्हटलं असतं, तर प्रत्येक नावापाशी एक छोटा निरोप सांडला असता आणि शेवटी काही शिल्लक राहिलं नसतं.

तरी दोन ठिकाणी निरोप आत डोकावतोच, आणि त्या दोन जागा या भाषणातल्या सर्वांत सुरेख. एक अजितची. भावाबद्दल बोलताना तो सांगतो, की काल रात्रीसुद्धा अजितचा फोन आला आणि आपण कसा बाद झालो यावर दोघं बोलत बसलो. पुन्हा फलंदाजीला उतरण्याची शक्यता जवळजवळ नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी. दुसरी आचरेकर सरांची. एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, पोरगं शेफारेल म्हणून. आता म्हणायला हरकत नाही, कारण सर, माझ्या आयुष्यात आता पुढचा सामनाच नाही. मैदान हसतं. वाक्य आभाराचं, सूर थट्टेचा, आणि पोटात निखळ निरोप. पण थट्टेच्या कोंदणात बसवल्यामुळे तो तिथेच थांबतो, पुढच्या नावाला भिजवत नाही.

नंतरचा भाग लांबतो, हे मान्य करायला हवं. क्रिकेट मंडळ, निवड समित्या, डॉक्टर, व्यवस्थापक, पत्रकार, छायाचित्रकार. रसिकाला इथे कात्री चालवावीशी वाटते. भाषण जरा लांबतंय असं तो स्वतःही म्हणतो. मात्र या सपाट पट्ट्याचा एक उपयोग होतो. घरच्या माणसांच्या नावांनी दाटलेला आवाज इथे पूर्ववत होतो. गहिवर ओसरल्यावर तो शेवटाकडे वळतो.

शेवटचे आभार प्रेक्षकांचे. हा क्रम अवघड आहे, कारण आभार आणि निरोप एकमेकांत मिसळण्याचा सर्वांत मोठा धोका इथेच असतो. ज्यांना धन्यवाद द्यायचे त्यांचाच निरोप घ्यायचा असतो. ‘सचिन, सचिन’ हा घोष श्वास थांबेपर्यंत आपल्या कानांत घुमत राहील, असं तो म्हणतो, आणि ‘थँक यू व्हेरी मच’. आता ‘गुडबाय’ येणार असं वाटतं. येत नाही. मध्ये एक साधं वाक्य येतं: काही सांगायचं राहून गेलं असेल तर समजून घ्या. आणि मग, एकटा, ‘गुडबाय’.

सगळी कारागिरी त्या मधल्या वाक्यात आहे. यादी आणूनही कुणी राहिलं असेल, तर त्याचाही हिशेब तिथे मिटतो. आता माईककडे परतायचं कारण उरत नाही. शिवाय ते वाक्य आभाराचंही नाही आणि निरोपाचंही नाही, म्हणून ते दोघांच्या मध्ये भिंतीसारखं उभं राहतं. मराठी घरात वाढलेल्या कानाला ही चाल ओळखीची वाटेल. गणपतीच्या उत्तरपूजेत आरती-नैवेद्य झाल्यावर आधी चुकलंमाकलं पदरात घ्यायला सांगतात, आणि मग मूर्ती जागेवरून हलवतात. सचिनच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण क्षमा मागितल्याशिवाय हलवायचं नसतं, हे अंगात मुरलेलं असतं.

एवढ्यावरही तो थांबला नाही. सहकाऱ्यांनी खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, प्रेक्षकांना हात हलवून झाले. हे सगळं अजून देण्याघेण्याचंच, आभाराच्या खात्यातलं. मग तो एकटा खेळपट्टीकडे चालत गेला. यादीतल्या एकाही नावाला तिथे जागा नव्हती, आणि खेळपट्टीचं नाव यादीत नव्हतं. वाकून त्याने दोन्ही हात मातीला लावले, ते कपाळाला लावले, आणि पाणावलेल्या डोळ्यांवर टोपी ओढून तो मागे फिरला.