ड्युअल ॲप ही ‘प्रत’ नाहीच, तो दुसरा यूजर आहे

माझी मावशी डबे देते. घरचा नंबर मूळ चॅट ॲपवर, डब्यांचा नंबर त्याच ॲपच्या ड्युअल प्रतीवर, अशी तिची सोय होती. गेल्या महिन्यात ऑर्डरी आलेल्या कळेनाशा झाल्या. ॲप उघडलं की सकाळपासूनचे मेसेज एकदम धडाधड यायचे. मोबाइल दुकानातल्या मुलाने सांगितलं, ड्युअल ॲप एकदा बंद करून चालू करा. तिने केलं. आयकॉन परत आला, पण आत पहिल्यापासून नंबर आणि ओटीपी! जुनं सगळं बोलणं गेलं, नोटिफिकेशन तर अजूनही येत नव्हतं. “अगं, मी काहीच डिलीट केलं नाही,” असं ती म्हणत होती, आणि तिच्या परीने ते खरंच होतं.

फोनच्या सेटिंग्ज आणि परवानग्या कशा मांडलेल्या असतात हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे मी फोन लॅपटॉपला जोडून बसले. यूएसबी डीबगिंग चालू केलं की रूट न करताही एवढं दिसतं (शेवटी तुमच्या ॲपचं पॅकेज नाव टाका):

```
adb shell pm list users
adb shell dumpsys package com.example.chat
```

पहिल्या कमांडने दोन यूजर दाखवले: `0` म्हणजे मावशी, आणि `999`. हा दुसरा कोण? तीच ती ‘प्रत’. अँड्रॉइड ॲपची फाइल दोनदा ठेवत नाही. ते एक अदृश्य यूजर तयार करतं आणि त्याच्यासाठी तेच ॲप ‘इन्स्टॉल आहे’ अशी नोंद करतं. लॉगिन आणि चॅट मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, मूळ ॲपचे `/data/user/0` खाली, प्रतीचे `/data/user/999` खाली. (हा आकडा कंपनीगणिक बदलतो.)

आता तो ‘बंद-चालू’चा सल्ला बघा. ड्युअल ॲपचं बटण दिव्याच्या बटणासारखं दिसतं, पण ते बंद करणं म्हणजे त्या यूजरमधून ॲप काढून टाकणं. फोल्डर जातं, त्याबरोबर लॉगिनही जातं. चालू केल्यावर येते ती कोरी प्रत. मावशीच्या फोनवर दुसऱ्या कमांडच्या उत्तरात `User 999` खाली इन्स्टॉलची तारीख बटण दाबल्याच्या दिवसाचीच निघाली.

नोटिफिकेशनचं उत्तरही तिथेच सापडलं. अँड्रॉइड १३पासून नोटिफिकेशनची परवानगी ॲपला मागावी लागते, आणि ती प्रत्येक यूजरची वेगळी असते. `User 0` खाली `POST_NOTIFICATIONS: granted=true`, `User 999` खाली `granted=false`. कोऱ्या प्रतीने परवानगी विचारली तेव्हा घाईत ‘नको’ दाबलं गेलं असणार. मावशी मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चालू आहे की!’ म्हणत होती, कारण ती बघत होती ती मूळ ॲपची पाटी.

परवानगी दिली, दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा शांतता. या वेळी `User 999` खाली `stopped=true` होतं. म्हणजे ॲप सक्तीने थांबवलेलं. या अवस्थेतल्या ॲपला पुश संदेश पोचवला जात नाही. माणसाने स्वतः उघडेपर्यंत ते झोपलेलंच. (उघडल्यावर धडाधड मेसेज का, ते इथे कळतं.) रोज रात्री मावशी फोनमधल्या सफाईच्या ॲपने ‘सगळं साफ’ करायची. त्यात मूळ ॲप वाचत होतं, प्रत मरत होती. सफाईच्या सूटयादीत प्रत टाकल्यावर हे थांबलं.

माझा आक्षेप तंत्रावर नाही, मांडणीवर आहे. ऑफिसचं वर्क प्रोफाइल याच पायावर उभं आहे, तोही वेगळा यूजरच. पण त्याच्या आयकॉनवर बॅग असते, ॲपच्या यादीत वेगळा टॅब असतो, प्रोफाइल थांबवलं की आयकॉन राखाडी होतात. नोटिफिकेशन का येत नाही, हे निदान दिसतं. प्रोफाइल काढताना डेटा पुसला जाईल अशी स्पष्ट सूचनाही येते. मावशीच्या फोनने ड्युअल ॲपला कोपऱ्यात एक बारकं चिन्ह दिलं आणि बाकी सगळं झाकून ठेवलं. जिथे डेटा कायमचा पुसला जातो तिथे निदान ‘बंद’ऐवजी ‘काढून टाका’ असं लिहायला काय हरकत होती?

दोन खाती ॲपच्या आतच ठेवता आली तर बरं. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३मध्ये अँड्रॉइडवर तशी सोय जाहीर केली. मग यूजर एकच, परवानगी एकच, सफाईत अडकायला दुसरी प्रतच नाही. मावशीचं ॲप ते देत नाही. तिचं जुनं बोलणं परत आलेलं नाही, येणारही नाही, कारण त्या प्रतीचा बॅकअप कधी घेतलाच नव्हता. कोणाचे किती डबे बाकी, हे ती आता वहीत लिहिते.