सावलीचे घड्याळ : एका चौकटीत अनेकदा दिसणाऱ्या माणसाविषयी

एकाच नटाने अनेक भूमिका करण्याविषयी मराठीत पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले आहे. पण त्या लेखनात तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली येतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) प्रभाकर पणशीकर पाच रूपांत वावरले आणि फिरत्या रंगमंचाने त्यांना साथ दिली. पहिल्या उदाहरणात एक नट दोन पात्रे होतो. दुसऱ्यात एकच पात्र पाच सोंगे घेते आणि ती सोंगे एकामागून एक येतात. एक रूप दिसते तेव्हा दुसरे नसते, किंबहुना तेच त्या लबाडीचे मर्म आहे. तिसरी गोष्ट अशी, की एकच माणूस एकाच चौकटीत, एकाच क्षणी, पाच-सहा जागी दिसावा. हल्ली अशी छायाचित्रे प्रदर्शनांत आणि लग्नाच्या अल्बममध्येही सर्रास दिसतात. त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहिले जाते आणि ‘जोड कुठे दिसत नाही’ एवढ्यावर त्यांची समीक्षा संपते. जोड न दिसणे ही किमान अट झाली. असे चित्र खरे तर वेळेविषयी काहीतरी सांगत असते, आणि ते जमले की फसले हे सावलीवरून ओळखावे, असे माझे म्हणणे आहे.

चित्रकाराला ही अडचण नव्हती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचा राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो. राजवाड्यात तोच, रथात तोच, वनातही तोच. पाहणाऱ्याला हे सगळे एकाच वेळी घडते आहे असे वाटत नाही. डोळा भिंतीवरून सरकतो तशी कथा सरकते. हे चालते, कारण त्या भिंतीवर एका ठरावीक वेळेचे ऊन नाही. शरीराला गोलाई देणारी छटा आहे, पण खांबाची सावली या बाजूला पडली म्हणजे सकाळ, असा हिशेब तिथे कुणी मांडलेला नाही. त्यामुळे राजपुत्र पाच वेळा आला तरी पाच वेळा मिळून एक कथा होते.

कॅमेरा मात्र प्रकाशाबरोबर वेळही टिपतो. छायाचित्रात एकच माणूस पाच जागी दिसला, की पाहणारा ‘आधी हे, मग ते’ असे वाचत नाही. ‘हे सगळे आत्ता’ असे वाचतो. चित्र टिपताना मात्र त्या माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जावेच लागते. म्हणजे चित्र म्हणते एक क्षण आणि प्रत्यक्षात गेलेली असतात वीस मिनिटे. ही वीस मिनिटे लपवणे हाच या कलेचा सगळा उद्योग आहे.

बस्टर कीटनच्या ‘द प्लेहाउस’ (१९२१) या मूकपटात हा उद्योग आजही स्वच्छ दिसतो. त्यात वादक कीटन, नट कीटन आणि प्रेक्षकही कीटन. एका दृश्यात रंगमंचावर नऊ कीटन ओळीने आहेत. कॅमेरामन एल्गिन लेसली याने भिंगापुढे उभ्या पट्ट्यांची एक पेटी बसवली होती. एका वेळी एकच पट्टी उघडायची, तेवढ्या भागात कीटनचे काम टिपायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि पुढची पट्टी उघडायची. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्याने नऊही वेळा हात त्याच गतीने चालायला हवा होता. एका फेरीत गती चुकली असती, तर आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया गेल्या असत्या. प्रकाशाची काळजी तुलनेने कमी होती. दिवे आणि रंगमंच जागचे हलणार नव्हते. माणसांचे वेगळेपण कीटनने चेहऱ्यातून आणलेच नाही. त्याचा चेहरा निर्विकार म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याने ते वागण्यातून आणले. प्रेक्षकांतली म्हातारी आणि लहान मुलगा यांचे नाक-डोळे एकच आहेत, पण बसण्याची तऱ्हा वेगळी आहे. आणि या सगळ्या खटाटोपाला अर्थही होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जागोजागी स्वतःचेच नाव घालणाऱ्या निर्मात्यांची ती टिंगल होती. प्रतिकृती कशासाठी, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

आता जवळचे उदाहरण. सोलापुरात चादरीच्या एका लहान कारखान्यात मी आणि एका स्टुडिओचे छायाचित्रकार यांनी असे एक चित्र केले. कल्पना साधी होती. पूर्वी घरातली पाच माणसे जी कामे वाटून घेत, ती आता एकटा विणकर करतो. तेव्हा त्या पाचही कामांवर तोच दिसावा. एक कांडी भरतो, एक ताण्याचा तुटलेला धागा जोडतो, एक मागाजवळ उभा राहून वर नक्षीची कार्डे पाहतो, एक उतरवलेली चादर कापतो आणि एक घड्या घालतो.

पहिला प्रश्न उन्हाचा. त्या खोलीला पूर्वेकडे उंच खिडकी आहे. तिची कड जमिनीपासून दोन मीटर वर धरा. सकाळी सूर्य चाळीस अंशांवर असताना त्या कडेवरून येणारे ऊन भिंतीपासून सुमारे दोन मीटर चाळीस सेंटीमीटरवर पडते. पाच जागांचे काम व्हायला आम्हाला बावीस मिनिटे लागणार होती. तेवढ्यात सूर्य आपल्याकडे साधारण पाच अंश चढतो आणि उन्हाची कड दोन मीटरच्या आत येते. म्हणजे जवळजवळ चाळीस सेंटीमीटरचा फरक! पहिल्या माणसाच्या पायाशी ऊन आणि पाचव्याच्या पायाशी त्याच रेषेत सावली, असे चित्र झाले असते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोली खोटी वाटू लागते. म्हणून आम्ही दुपारनंतरची वेळ घेतली. तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून नुसते आकाशाचे मऊ उजेडाचे पाणी येते आणि ते हळू बदलते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बांधला; उघडझाप, भिंगाचे तोंड, फोकस आणि रंगाचा समतोल हे सगळे हाताने एकदाच ठरवून पुन्हा त्यांना हात लावला नाही. कॅमेरा आपोआप ठरवू लागला, तर पांढरी चादर चौकटीत आली की तो बाकी सगळे काळवंडून टाकतो. मध्येच ढग आला तर कळावे म्हणून कोपऱ्यात एक पांढरा पुठ्ठा ठेवला; पाचही चित्रांत त्याचा उजळपणा सारखा आहे की नाही हे पाहिले की पुरे.

दुसरे घड्याळ माझ्या ध्यानात नव्हते; ते विणकराने दाखवले. चालू मागावर कापड पुढे सरकते. पहिल्या चित्रात नक्षीतले फूल जिथे आहे, तिथे पाचव्यात त्याचे देठही राहणार नाही. म्हणून माग बंद ठेवावा लागला.

तिसरी अडचण सावलीचीच, पण वेगळ्या जातीची. मागाजवळ उभा असलेला माणूस खिडकीच्या बाजूला आहे. त्याच्यामागे खाली बसून कांडी भरणाऱ्यावर त्याची पुसट छाया पडायलाच हवी. पण खाली बसलेल्याचे चित्र घेताना उभा माणूस तिथे नसतो. बहुतेक चित्रे इथे फसतात. प्रत्येक जण स्वतःपुरता नीट दिसतो, पण कुणाचीच सावली दुसऱ्यावर नाही, कुणाचा उजेड कुणी अडवत नाही. खोलीत पाच माणसे नसून पाच कात्रणे असल्यासारखे वाटते. यावर जुना उपाय असा, की दुसऱ्याच एखाद्याला त्या जागी उभे करायचे, सावली खरी पाडून घ्यायची आणि जुळवणीत त्या माणसावर विणकराचे चित्र ठेवायचे. आमच्याकडे तो बदली माणूस म्हणजे मीच होतो. अंतिम चित्रात मी कुठेही नाही, माझी सावली मात्र आहे. जुळवताना माणूस कापून घेतला आणि त्याच्या पायाशी पडलेली छाया मागे राहिली, तर तो जमिनीवर तरंगतो. छायेसकट कापावे लागते.

राहिला चेहरा. एक माणूस पाच वेळा कॅमेऱ्यासमोर आला, की पाचही वेळा तो त्याचा ‘फोटोचा चेहरा’ करतो आणि चित्र मुखवट्यांच्या दुकानासारखे दिसते. हसायला सांगून, गंभीर व्हायला सांगून हे सुटत नाही. उसने भाव आणखी एकसारखे दिसतात. काम दिले की सुटते. तुटलेला धागा शोधणारा डोळे बारीक करतो, कापणारा ओठ आवळतो, वर कार्डे पाहणाऱ्याची मान ताणली जाते. दोघांनी एकमेकांकडे पाहायचे असेल, तर दुसऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण हवी. आम्ही काठीला चिंधी बांधली होती. आणि एक पळवाट टाळायची. एकच चित्र उलटे फिरवून दुसरा माणूस केला, तर भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि सदऱ्याचा खिसा उजवीकडे येतो. परके लोक फसतात, घरचे फसत नाहीत.

पहिले जुळवलेले चित्र विणकराने बराच वेळ पाहिले. जोड शोधले नाहीत. म्हणाला, “साहेब, पाच जण आहेत आणि एकही बसलेला नाही? एवढी मजुरी कोण देणार? एक तरी चहा पिताना दाखवा.” दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच मापांवर सहावे चित्र घेतले. तिकाटण्याच्या पायांच्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवल्या होत्या, म्हणून ते शक्य झाले. बंद मागाला टेकून बसलेला, हातात कप घेतलेला तो सहावा माणूस बाकीच्या पाचांकडे पाहतो आहे. त्याच्यामुळे चित्राचा अर्थ बदलला. पाच जणांचे चित्र ‘केवढी कामे करतो हा’ असे कौतुक करत होते. सहावा आल्यावर प्रश्न उभा राहिला, की हा बसला तर बाकीचे पाचही थांबतील, नाही का?

या चित्राखाली ‘एकाच विणकराची सहा चित्रे जोडून’ असे लिहावे, यावर मी अडून राहिलो. एका संपादकांना त्याने गंमत जाते असे वाटले. मला तसे वाटत नाही. ही ओळ नसेल, तर परगावचा वाचक भरलेला कारखाना पाहील आणि इथे सहा जणांना काम आहे असे समजेल. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ती ओळ वाचल्यावरच खोली रिकामी आहे हे दिसते.

म्हणून अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर जोड शोधण्यात वेळ घालवू नये. सावल्या एकाच वेळेच्या आहेत का आणि त्या एकमेकांवर पडतात का, हे आधी पाहावे. मग प्रत्येक जण कशात गुंतला आहे, ते पाहावे. आणि शेवटी त्या माणसांपैकी एक मनातल्या मनात पुसून टाकावा. काहीच बिघडले नाही, तर तो तिथे नुसता संख्येसाठी उभा होता.