क्रांझला गुण किती?

रॉन हॉवर्डचा 'अपोलो 13' हा 1995 सालचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नियंत्रण कक्षातला पांढरे जाकीट घातलेला तो करारी फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ, आणि त्याच्या तोंडचे 'अपयश हा पर्यायच नाही' हे वाक्य. पुढे व्यवस्थापनाच्या असंख्य शिबिरांतून ते भिंतीवर लागले. गंमत अशी की त्या रात्री क्रांझ हे वाक्य बोललाच नव्हता. ते पटकथाकारांनी लिहिले. क्रांझला ते इतके आवडले की 2000 साली त्याने आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिले.

माझी तक्रार वाक्याबद्दल नाही. 'तिघे जिवंत परतले, म्हणून क्रांझ थोर' या तर्काबद्दल आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मध्यरात्री यंत्रणा कोसळते, कोणीतरी ती उभी करतो, आणि सकाळी त्याची पाठ थोपटली जाते. त्याने विचार करून उभी केली की कावळा बसला आणि फांदी तुटली, हे कोणी विचारत नाही. बॅरन आणि हर्शी या दोन संशोधकांनी 1988 साली दाखवून दिले की शस्त्रक्रियेचा अगदी तोच निर्णय, रोगी वाचला असे सांगितले तर लोकांना चांगला वाटतो, आणि दगावला म्हटले तर वाईट. तेव्हा क्रांझची उत्तरपत्रिका निकाल झाकून तपासायला हवी.

13 एप्रिल 1970, ह्यूस्टनमध्ये रात्रीचे नऊ वाजून गेलेले. उड्डाणाला जवळजवळ 56 तास झाले होते. यान पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर असताना मुख्य यानाची प्राणवायूची दुसरी टाकी फुटली. पण कक्षातल्या लोकांना हे दिसत नव्हते. त्यांना दिसत होते ते आकडे, आणि तेही अशक्य वाटावेत असे: एकाच वेळी टाकी रिकामी, विजेचा दाब खाली, दोन इंधनघट बंद. चौदा मिनिटांनी लव्हेलने खिडकीतून पाहिले आणि बाहेर कसला तरी वायू जात असल्याचे कळवले. तोवर मोजमापाची उपकरणेच बिघडली असावीत, असा कक्षाचा कल होता. इथे मी गुण कापतो, पण थोडेच. चार स्वतंत्र गोष्टी एकदम बिघडण्यापेक्षा एक मोजयंत्र बिघडणे अधिक संभवनीय, हा हिशेब चुकीचा नाही. मात्र यानाला धक्का बसल्याचे आणि मोठा आवाज झाल्याचे अंतराळवीर सांगत होते. मोजयंत्र आवाज करत नाही!

आता एक लहान प्रसंग. पहिल्या टाकीतलाही प्राणवायू घटू लागल्यावर विद्युतव्यवस्था पाहणाऱ्या साय लीबरगॉटने सुचवले की मुख्य यानातली प्राणवायूची छोटी राखीव टाकी बंद करून वेगळी काढावी. क्रांझला ते उलटे वाटले. त्याने विचारले, का? लीबरगॉट म्हणाला, पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तीच लागणार आहे. क्रांझने लगेच मान्य केले. चित्रपटाच्या दृष्टीने यात काहीच नाट्य नाही. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे हे सर्वांत चांगले नेतृत्व. हाताखालच्या माणसाने आपल्या समजुतीच्या विरुद्ध काही सुचवले, पुढाऱ्याने कारण मागितले, ते पटले आणि स्वतःचे मत सोडले.

मग मोठा निर्णय. परतायचे दोन मार्ग होते. एक, मुख्य यानाचे मोठे इंजिन पेटवून वाटेतूनच मागे फिरायचे. हा झटपट मार्ग, पण त्यासाठी चंद्रावर उतरायचे छोटे यान, म्हणजे ल्यूनर मॉड्यूल, सोडून द्यावे लागणार. दुसरा, चंद्राला वळसा घालून सुमारे चार दिवसांनी परतायचे. कक्षातले काही जण पहिल्या मार्गाच्या बाजूचे होते. क्रांझने दुसरा निवडला.

त्या वेळी त्याला काय ठाऊक होते? मोठे इंजिन स्फोटाच्या जागेला लागूनच होते आणि त्याची अवस्था अज्ञात होती. ते पेटवून पाहण्याखेरीज तपासण्याचा मार्ग नव्हता, आणि पेटवताना छोटे यान हातातून गेलेले असणार. पण वळशाचा मार्गही सुरक्षित नव्हता, हे लोक विसरतात. छोटे यान दोन माणसांना सुमारे 45 तास पुरेल असे बनवलेले. आता ते तिघांना जवळजवळ दुप्पट काळ पुरवायचे होते. मात्र या धोक्याची जात वेगळी होती. वीज आणि पाणी मोजता येतात, काटकसर करता येते, आणि पुरणार नाही असे दिसले तर ते आधी कळते. पुढे विजेचा वापर सुमारे 12 अँपिअरपर्यंत खाली आणला गेला. ज्या धोक्यावर रोज नजर ठेवता येईल तो पत्करायचा आणि एका फटक्यात सारे ठरवणारा टाळायचा, हा निर्णय निकाल झाकूनही उत्तम ठरतो. सोडून दिलेल्या सेवाकक्षाचे फोटो शेवटी काढले, तेव्हा त्याची एक संपूर्ण बाजू उडालेली दिसली. हा पुरावा क्रांझच्या बाजूने वापरण्याचा मोह मी टाळतो. इंजिन पेटले असते की नाही हे कधीच कळले नाही, आणि ते धडधाकट असते तरी माझे गुण तेवढेच राहिले असते.

मग नशीब कुठे? स्फोटाच्या वेळेत. छोटे यान तेव्हा जोडलेले आणि भरलेले होते. हेच चंद्रावरून परतताना घडले असते तर ते टाकून दिलेले असते, आणि कोणाच्याही निर्णयाला अर्थ उरला नसता. पण सगळेच नशीब नव्हे. दोन्ही याने जोडलेली असताना छोट्या यानाचे इंजिन चालते, हे मार्च 1969 मध्ये अपोलो 9 ने मुद्दाम करून पाहिले होते. ती पूर्वतयारी होती, आणि तिचे गुण त्या तयारी करणाऱ्यांना. तसेच, स्फोटानंतर तासाभरात क्रांझची पाळी संपली आणि ग्लिन लनीच्या तुकडीने सूत्रे घेतली. छोटे यान घाईघाईने सुरू करणे, मुख्य यानाची वीज जायच्या आत दिशेची मापे तिकडे उतरवणे, ही अवघड कामे प्रामुख्याने लनीच्या देखरेखीखाली झाली. पडद्यावर मात्र सारे एकाच जाकिटाच्या नावावर जमा आहे.

उष्णतारोधक ढालीला स्फोटात तडा गेला होता की नाही, हे शेवटपर्यंत कोणालाच तपासता आले नाही. 17 एप्रिलला ती टिकली. टिकली नसती, तर क्रांझच्या निर्णयांवर आज कोरडे ओढले गेले असते, आणि ते निर्णय अक्षरशः तेच असते.

हीच फूटपट्टी उलट बाजूलाही लावून पाहू. मार्च 1970 च्या अखेरीस, उड्डाणाआधी, तीच टाकी चाचणीनंतर नीट रिकामी होईना. मग आतला हीटर सुमारे आठ तास चालू ठेवून प्राणवायू उकळून काढला. हीटरचा स्वयंचलित स्विच 28 व्होल्टसाठी होता, जमिनीवरचा पुरवठा 65 व्होल्टचा. स्विच वितळून चिकटला आणि तारांचे आवरण भाजून निघाले. तापमापक 80 अंश फॅरनहाइटच्या वर दाखवतच नव्हता. पण हीटरचा प्रवाह नोंदला जात होता. तो मधूनमधून तुटत नाही, एवढे कोणी पाहिले असते तरी बिघाड कळला असता, असे चौकशी मंडळाने पुढे नोंदवले. टाकी मात्र रिकामी झाली, काम भागले, आणि 11 एप्रिलला यान उडाले तेव्हा तो निर्णय यशस्वी निर्णयांत मोजला जात होता.