मावशींचा राजीनामा स्वीकारणारं पत्र

पुण्यातल्या एका घरात मधुमेह असलेल्या वृद्ध सासूबाईंची दिवसभराची देखभाल करणाऱ्या मावशींनी फेब्रुवारी २०२५मध्ये काम सोडत असल्याचं लिहून दिलं. घरच्या सुनेने त्याला लेखी उत्तर दिलं. ते दीड पानाचं पत्र दोघींच्या संमतीने मला वाचायला मिळालं. नावं इथे गाळली आहेत. घरकामाचं नातं बहुतेक वेळा तोंडी जुळतं आणि तोंडीच संपतं. शेवटी कोणाचे किती राहिले, चावी परत दिली होती की नाही, याच्या आठवणी दोन्हीकडे वेगवेगळ्या उरतात. या पत्रातलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की त्यातलं प्रत्येक वाक्य मावशींना स्वतः पडताळून पाहता येतं. आभारसुद्धा.

सुरुवात अशी आहे:

"आदरणीय मावशी, सप्रेम नमस्कार. तुमचं २० फेब्रुवारीचं पत्र मिळालं. तुम्ही कळवल्याप्रमाणे १५ मार्च २०२५ हा कामाचा शेवटचा दिवस धरून आम्ही तुमचा राजीनामा स्वीकारत आहोत. यंदाचा पाडवा गावच्या घरी करायची तुमची इच्छा आहे. ती नक्की पुरी होवो."

पत्र उघडताना मावशींच्या मनात एकच प्रश्न असणार: सोडतील ना वेळेवर? त्याचं उत्तर तिसऱ्या वाक्यात आलं. 'तुमच्या जाण्याने फार वाईट वाटतं आहे' हे वाक्य इथे सहज आलं असतं, आणि ते खरंही असणार. पण स्वीकाराच्या आधी लिहिलेलं दुःख वाचणाऱ्यावर ओझं होऊन बसतं. 'अजून महिनाभर थांबता का' हा पुढचा प्रश्न त्यात आधीच ऐकू येतो. सुनेने तारीख मावशींची ठेवली आणि पाडव्याचा उल्लेख करून त्या तारखेमागचं कारणही मान्य केलं.

मग आभार येतात, आणि ते एकाच प्रसंगाचे आहेत:

"तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आई अचानक चिडून काहीबाही बोलू लागल्या. तुम्ही वाद घातला नाहीत, आधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासलीत. ती ५४ होती. तुम्ही साखरेचं पाणी दिलंत, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलंत आणि मग मला फोन केलात. आईंचा राग कधीकधी दुखण्याचा असतो हे मला तुमच्यामुळे कळलं."

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर ७०च्या खाली उतरत गेली की मेंदूला साखर कमी पडू लागते. घाम, थरथर यांच्याबरोबर चिडचिड आणि असंबद्ध बोलणंही सुरू होतं. वृद्ध माणसाच्या बाबतीत नेमकी हीच लक्षणं 'स्वभाव' म्हणून सोडून दिली जातात. मावशींनी केलेल्या गोष्टींचा क्रम अचूक होता: आधी तपासणी, लगेच विरघळलेली साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, मग निरोप. सुनेने तो क्रम चार वाक्यांत जसाच्या तसा मांडला. त्यामुळे हे आभार मावशींच्या प्रेमळपणाचे राहत नाहीत, त्यांच्या कौशल्याचे होतात. 'तुम्ही आमच्या घरच्याच आहात' हे वाक्य पत्रात कुठेही नाही. घरच्या माणसाचा पगार, सुट्टी आणि उचल कोणी मोजत नाही. ज्या माणसाचा हिशेब पुढच्याच परिच्छेदात करायचा आहे, त्याला तसं म्हणणं हिशेब सैल करण्याची वाट ठरू शकतं. पत्राने ती वाट घेतलेली नाही.

पुढचा परिच्छेद पैशांचा. कामाची सोपवणूक त्याच्यानंतर येते, आणि पत्राच्या रचनेतला मला सर्वात आवडलेला निर्णय हाच आहे. नेहमीचा क्रम उलटा असतो: आधी हे हे करून द्या, मग हिशेब. त्या क्रमात न लिहिलेली अट दडलेली असते. इथे सून लिहिते, "खालची रक्कम तुम्ही आजवर केलेल्या कामाची आहे. सोपवणुकीत काही राहिलं तरी ती थांबणार नाही." हिशेब असा आहे:

"पगार महिना १५,००० रुपये. महिना ३० दिवसांचा धरून दिवसाला ५०० रुपये.
मार्चचे १५ दिवस (धुळवडीची सुट्टी धरून): ७,५००
न घेतलेल्या ६ रजा: ३,०००
दिवाळीनंतरच्या साडेचार महिन्यांचा बोनस: ५,६२५
७ वर्षांची सेवा रक्कम: ६०,५७७
एकूण: ७६,७०२
नोव्हेंबरच्या १०,००० उचलीपैकी बाकी: ४,०००
तुम्हाला मिळणार: ७२,७०२ रुपये"

प्रत्येक आकडा कुठून आला हे त्याच्या खाली एकेका ओळीत सांगितलं आहे. बोनस वर्षाला एका पगाराचा, म्हणून साडेचार महिन्यांचे ५,६२५. उचलीचे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन हप्ते दोन-दोन हजारांनी फिटले, म्हणून बाकी ४,०००. मार्च ३१ दिवसांचा असतानाही महिना ३० दिवसांचा धरला, त्यामुळे रोजचा दर मावशींच्या बाजूने थोडा वाढला. मोठेपणा न मिरवता दिलेली ही सवलत आकडे पाहणाऱ्यालाच दिसते.

'सेवा रक्कम' या ओळीवर थांबायला हवं. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातलं सूत्र असं होतं: शेवटच्या पगाराला २६ने भागायचं, १५ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. २६ हे महिन्यातले कामाचे दिवस, म्हणजे दर वर्षामागे पंधरा कामाच्या दिवसांचा पगार. हक्क यायचा पाच वर्षांनंतर, आणि शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं तर ते पूर्ण धरायचे. मावशी जून २०१८मध्ये कामाला लागल्या. सहा वर्षं साडेनऊ महिने होतात, म्हणून सात. पण हा कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी होता. एका घरात काम करणाऱ्या एका बाईला तो लागू होत नव्हता. महाराष्ट्रातला घरेलू कामगारांसाठीचा २००८चा कायदा कल्याण मंडळ आणि त्यातली नोंदणी यांच्याबद्दलचा आहे. घरमालकावर अशा रकमेचं बंधन तो घालत नाही. म्हणजे या घराला सूत्राची सक्ती नव्हती. तरी सुनेने सूत्रच वापरलं. तिने हातात येईल ती रक्कम पाकिटात घालून दिली असती, तर ते बक्षीस झालं असतं, आणि बक्षिसाबद्दल प्रश्न विचारता येत नाही. सूत्राने काढलेली रक्कम कमी भरली तर मावशी विचारू शकतात.

याच परिच्छेदात एक वाक्य आहे: "२०२०च्या टाळेबंदीत सोसायटीने तुम्हाला येऊ दिलं नाही, ते महिनेही सेवेत धरले आहेत." कामगाराचा दोष नसताना पडलेला खंड सेवा तोडत नाही, हे कामगार कायद्यातलं जुनं तत्त्व. ते महिने वगळले असते तरी वर्षं सातच भरली असती. आकडा एका रुपयाने बदलला नसता. तरीही तिने ते लिहिलं, कारण पुढे कोणी 'मध्ये तर तुम्ही आलाच नव्हता' म्हटलं तर उत्तर कागदावर असावं. शेवटी पैसे कुठे जमा होतील तेही नेमकं आहे: "तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात, १५ तारखेला."

सोपवणुकीचा भाग क्रमांक घालून पाच कलमांत आहे. पहिलं कलम नव्या बाईंना शिकवण्याचं: "पहिल्या दिवशी तुम्ही करा, त्या बघतील. दुसऱ्या दिवशी त्या करतील, तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी त्या एकट्या करतील, तुम्ही फक्त घरात असा." सोपवणूक फसते ती बहुधा फक्त सांगून संपवल्यामुळे. ऐकणारा मान हलवतो, आणि त्याला काय समजलं नाही ते सांगणारा गेल्यावर उघड होतं. मधला दिवस ती चूक मावशींच्या डोळ्यांसमोर घडू देतो.

दुसरं कलम इन्सुलिनचं. वापरात असलेल्या पेनवर उघडल्याची तारीख लिहायची, कारण उघडलेलं पेन साधारण चार आठवड्यांत संपवावं लागतं. न उघडलेली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचण्याची जागा रोज बदलायची. तिसरं कलम म्हणजे मावशींना केलेली विनंती: "आईंची साखर उतरू लागली की सर्वात आधी काय बदलतं, ते तुमच्या शब्दांत सांगा. मी लिहून घेईन." आभारातला प्रसंग इथे कामाला आला. मशीन काय दाखवतं हे कोणीही वाचेल; ते हातात घ्यावं असं कधी वाटतं, हे सात वर्षं पाहणाऱ्या माणसालाच ठाऊक. लिहून घेण्याचं काम सुनेने स्वतःकडे ठेवलं आहे, हेही लक्षात यावं.

चौथं कलम वस्तूंचं: घराच्या दोन चाव्या, किराण्याची वही, दुधाची कूपनं, साखर तपासायचं मशीन. "हे सगळं मिळालं असं आम्ही सही करून तुम्हाला देऊ." सही देतं घर आणि पावती राहते मावशींकडे. घरकाम सोडलेल्या बाईवर महिन्याभराने एखाद्या हरवलेल्या वस्तूचा संशय घेतला जातो, तेव्हा तिच्याजवळ बोलण्यापलीकडे काहीच नसतं. ही पावती तिला तेवढा आधार देते. पाचव्या कलमात मावशींच्या आधार कार्डाची घेतलेली झेरॉक्स परत करण्याचं आणि अनुभवाचा दाखला देण्याचं वचन आहे. दाखल्यात 'प्रामाणिक व मेहनती' एवढंच लिहिणार नाही, इन्सुलिन देणं आणि साखर तपासणं ही कामं नावानिशी लिहू, असं सून म्हणते. गावाकडे किंवा पुन्हा शहरात मावशींना पगार ठरवताना उपयोगी पडेल ते हेच.

एका जागी पत्र उणं पडतं. कलमांनंतर सून लिहिते, "गेल्यावरही काही अडलं तर फोन करू, राग मानू नका." किती दिवस, कोणत्या वेळी, हे लिहिलेलं नाही. बाकी सगळीकडे तारखा आणि आकडे देणारं पत्र इथे मावशींच्या भिडेवर विसंबतं. पहिले आठ दिवस, संध्याकाळी सात ते आठ, आणि त्याबद्दल अमुक रक्कम, असं लिहिलं असतं तर हे वाक्यही बाकीच्यांच्या तोलाचं झालं असतं.

पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. दोन्हींवर सुनेची सही आहे, आणि मावशींच्या सहीच्या जागेवर लिहिलं आहे: "हिशेब पटला तरच सही करा. शंका असेल तर आधी मुलीला दाखवा." लिहिणारीच वाचणारीला सांगते आहे की माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासा. वाक्यं आखूड आहेत, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीवर आहे, 'ग्रॅच्युइटी' हा शब्दसुद्धा टाळून सेवा रक्कम म्हटलं आहे. हे सगळं सावकाश वाचणाऱ्या एका बाईला हिशेब स्वतः घालता यावा म्हणून केलेलं आहे. मावशींचे आभार मानणारा परिच्छेद सुंदर आहेच, पण त्यांचा खरा आदर मला त्या आठ ओळींच्या हिशेबात दिसतो, कारण तिथे त्यांना चूक दाखवण्याचा अधिकार दिलेला आहे.