तळमजल्याची लिफ्ट

मंडळी, भांडण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मुरगुडात समजा तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे, मजल्यावर चार घरं, म्हणजे सोळा घरं. जिना चढवेना म्हणून बारा लाखांची नवी लिफ्ट ठरते. प्रत्येकी पंचाहत्तर हजार. तळमजल्याचे काका म्हणतात, ‘आम्ही चढतोच कुठं?’ वरचे म्हणतात, ‘नियमच तसा हाय.’

हा नियम आम्ही नीट वाचायला सांगतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी म्हणतात की लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि चालवण्याचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान उचलायचा, कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. वाक्य दुरुस्ती आणि चालवण्याबद्दल आहे. जिथं लिफ्ट नव्हतीच तिथं ती बसवण्याच्या खर्चावर ते ताणून लावणं, ही आमच्या मते वाचनातली चूक आहे.

दुसरी चूक याहून मोठी. इमारत सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहे, हे कुणी बघत नाही. अपार्टमेंट असेल तर सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. तिथं समान वाटणीही नाही आणि मजल्याप्रमाणे सूटही नाही. ‘मी वापरत नाही’ म्हणून सुटका होत नाही ती नाहीच.

मग तळमजल्याचं म्हणणं चुकीचं का? पूर्ण नाही. फ्रान्सच्या १९६५ च्या कायद्यात अशा सामाईक सोयींचा खर्च त्या घराला होणाऱ्या उपयोगाप्रमाणे वाटतात. म्हणजे हा विचार कायद्यात बसू शकतो. पण निव्वळ वापर मोजला तर तळमजला शून्यावर येतो, आणि तेही खरं नाही. गच्ची आणि टाकी त्याचीही आहे.

म्हणून सोसायटीत नव्या लिफ्टपुरती आम्ही अशी मांडणी सुचवतो. निम्मे सहा लाख सोळा घरांत समान, म्हणजे प्रत्येकी ३७,५००. उरलेले सहा लाख मजल्याच्या क्रमांकाप्रमाणे: तळाला शून्य, पुढं एक, दोन, तीन भाग. एक भाग पंचवीस हजारांचा. तळमजल्याला ३७,५००, पहिल्याला ६२,५००, दुसऱ्याला ८७,५००, तिसऱ्याला १,१२,५००. चारही मजल्यांची बेरीज बरोबर बारा लाख.

‘निम्मे’ हे आकाशातून पडलेलं नाही, ते सभेनं ठरवायचं. पण कंत्राट देण्याआधी. ठरावात बसवण्याचा खर्च आणि पुढचा महिन्याचा खर्च वेगळ्या ओळींत लिहा. नुसतं ‘लिफ्टचा खर्च सर्वांनी द्यावा’ असं लिहिलंत, तर पहिल्या बिलालाच भांडण परत दारात उभं राहील.